दुपारी दोन ते चारच्या दरम्यान

एप्रिलच्या मध्यावर एसीची सर्व्हिस लावली की मोबाइलवर एक मेसेज येतो. बहुतेक जण त्यातली तारीख आणि वेळ तेवढी बघतात आणि फोन खिशात टाकतात. खालच्या दोन ओळी कोणी वाचत नाही. पुढे त्या दुपारी भांडण झालंच, तर ते त्याच दोन ओळींवरून होतं. म्हणून असा एक मेसेज सावकाश वाचून पाहू.

डोंबिवलीतल्या एका कुटुंबाने शनिवारसाठी दोन एसींची सर्व्हिस बुक केली, असं समजा. उदाहरण नमुन्याचं आहे, पण मजकूर बहुतेक कंपन्यांचा साधारण असाच असतो, फक्त इंग्रजीत. ‘आपली विनंती नोंदवली आहे. भेट शनिवारी दुपारी २ ते ४. तंत्रज्ञ नेमल्यावर त्याचं नाव व संपर्क क्रमांक कळवला जाईल. भेटीच्या वेळेच्या ३ तास आधीपर्यंत रद्द केल्यास शुल्क नाही, त्यानंतर १०० रुपये. काम पूर्ण झाल्यावरच तंत्रज्ञाला कोड सांगावा.’ एवढाच मजकूर. यात वेळ, संपर्क आणि रद्द करण्याच्या अटी हे तीन करार आहेत आणि प्रत्येकात एक खोच आहे.

आधी वेळ. ‘२ ते ४’ याचा अर्थ माणूस दोनला येईल आणि चारला जाईल असा नाही. दोन आणि चारच्या मध्ये केव्हा तरी तो दारात उभा राहील, एवढंच त्यात म्हटलेलं आहे. काम चारनंतर सुरू राहिलं तरी कंपनीच्या लेखी भेट वेळेत झाली. तेव्हा साडेचारला क्लासला निघायचं असेल तर ‘२ ते ४’ ही वेळ घेण्यात अर्थ नाही. पावणेचारला आलेल्या माणसाला दोन एसींच्या वेट सर्व्हिससाठी दीड-दोन तास सहज लागतात. जाळ्या काढणं, कॉइलवर पंपाने पाणी मारणं, ड्रेन पाइप मोकळा करणं ही कामं घाईने उरकली तर आठवड्याभरात एसीतून भिंतीवर पाणी गळायला लागतं.

मग कंपनी सरळ ‘अडीच वाजता’ असं का सांगत नाही? आळस हे त्याचं कारण नाही, ते गणितात आहे. या धंद्यात प्रत्येक भेटीला ‘कॉल’ म्हणतात. ‘आज माझे सहा कॉल आहेत,’ असं तंत्रज्ञ म्हणतो तेव्हा तो फोनबद्दल बोलत नसतो. समजा त्याचा पहिला कॉल सकाळी साडेनऊला आहे आणि तिथे तो वेळेवर पोचला. एका एसीच्या कामाला कमीत कमी ४० मिनिटं आणि फार तर ८० मिनिटं लागतात. हा फरक उगाच पडत नाही. बाहेरचं युनिट बाल्कनीत असेल तर हात पोचतो, ते ग्रिलच्या पलीकडे लटकलेलं असेल तर शिडी आणि दोरी लागते. एका कॉलवरून दुसऱ्या कॉलवर जायला रेल्वे फाटक आणि पार्किंग धरून १५ ते ३५ मिनिटं जातात.

आता पुढचा हिशेब करा. दुसऱ्या घरी तो लवकरात लवकर १०.२५ ला आणि उशिरात उशिरा ११.२५ ला पोचेल. तिसऱ्या घरी ११.२० ते १.२० च्या दरम्यान. चौथ्या घरी सव्वाबारा ते सव्वातीनच्या दरम्यान. प्रत्येक कॉलमागे अनिश्चितता एक-एक तासाने वाढत गेली. प्रत्यक्षात सगळेच कॉल रेंगाळत नाहीत, एखादा झटपट उरकतो आणि थोडी भरपाई होते, त्यामुळे चित्र इतकं टोकाचं नसतं. पण कल तोच राहतो. सकाळची भेट घड्याळाला धरून असते आणि दुपारची भेट आधीच्या सगळ्या घरांच्या नशिबाला बांधलेली असते. कंपनी मात्र सगळ्यांना सारखाच दोन तासांचा पट्टा देते. सकाळच्या गिऱ्हाइकाला तो गरजेपेक्षा मोठा पडतो आणि संध्याकाळच्या गिऱ्हाइकाला अपुरा. म्हणून ज्यांना कामावर जायचं आहे, ज्यांच्या घरी एकटे आजी-आजोबा आहेत, त्यांनी दिवसाचा पहिला पट्टा मागावा, दोन दिवस थांबावं लागलं तरी. एवढं केलं तरी अर्धा मनस्ताप वाचतो.

या पट्ट्याच्या लांबीवर काही देशांत कायद्याने मर्यादा घातली आहे. अमेरिकेत केबल टीव्हीवाल्यांची वाट पाहण्यात लोकांचे दिवस जाऊ लागले, तेव्हा तिथल्या संघीय दूरसंचार आयोगाने गेल्या शतकाच्या नव्वदीत नियम केला. भेटीची वेळ एकतर नेमकी सांगा किंवा फार तर चार तासांचा पट्टा द्या. आदल्या दिवशीचं कामकाज संपल्यावर कंपनीला ती भेट रद्द करता येणार नाही. माणूस उशिरा येणार असेल तर ग्राहकाला तसं कळवायचं. ब्रिटनमध्ये २०१९ पासून ब्रॉडबँड आणि लँडलाइनच्या ज्या कंपन्या तिथल्या नियामकाच्या योजनेत सामील आहेत, त्यांचा माणूस ठरल्या वेळी आला नाही तर ग्राहकाने न मागता नुकसानभरपाई जमा होते. सुरुवातीला ती २५ पौंड होती. आपल्याकडे एसी, फ्रीज, वॉशिंग मशीनच्या घरभेटीला असा तासांचा नियम नाही. मेसेजमध्ये जी वेळ लिहून दिली तीच आपल्या हातातली लेखी कबुली, आणि म्हणूनच तो मेसेज महत्त्वाचा.

आता ‘पोचला’ म्हणजे कुठे पोचला? गृहसंकुलांमुळे हा प्रश्न मोठा झाला आहे. तंत्रज्ञाच्या मोबाइलमधल्या अॅपवर ‘पोचलो’ असं बटण असतं आणि ते तो सोसायटीच्या फाटकावर दाबतो. तिथे रखवालदार नोंद करतो, मग फ्लॅटमध्ये परवानगीसाठी फोन किंवा गेटच्या अॅपवर सूचना जाते. ताई झोपलेल्या असतात, सूचनेचा आवाज बंद असतो. खाली दहा मिनिटं उभा राहिलेला मुलगा, ज्याचे अजून तीन कॉल बाकी आहेत, तो ‘ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही’ असा शेरा मारून पुढे जातो. त्याच्याकडून कामात कुचराई झाली असं म्हणता येत नाही आणि ताईंचीही चूक नाही, पण नोंद ताईंच्या नावावर पडते. भेटीच्या दिवशी गेटच्या अॅपवर आधीच पाहुण्याची नोंद करून ठेवली, तर हा प्रसंग टळतो.

कधीकधी मात्र हा शेरा खाली न येताच मारला जातो. कंपन्या तंत्रज्ञाला तक्रार नोंदल्यापासून ती बंद होईपर्यंतच्या वेळेवर मोजतात. धंद्यात त्याला ‘टॅट’ म्हणतात. दिवसभरात कॉल पुरे होणार नाहीत असं दिसलं की लांबचा कॉल ‘ग्राहक उपलब्ध नाही’ म्हणून सरकवायचा मोह होतो. आपल्याला ते कसं कळेल? फोनमध्ये त्या वेळेतला एकही मिस्ड कॉल नसतो, फाटकाच्या नोंदीत नाव नसतं, तरी अॅपवर ‘भेटीचा प्रयत्न झाला’ असं दिसतं. अशा वेळी मिस्ड कॉलच्या यादीचं चित्र काढून ठेवा. फाटकावरची वही किंवा गेटचं अॅप हा त्याहून पक्का पुरावा.

दुसरी ओळ संपर्काची. ‘तंत्रज्ञ नेमल्यावर कळवू’ याचा अर्थ मेसेज आला त्या क्षणी आपलं काम कोणाकडे जाणार हे ठरलेलं नसतं. नेमणूक बहुधा आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी होते, आणि वेळ तोंडावर आली तरी नाव आलं नाही तर समजावं की आपला कॉल अजून कोणाच्याही पदरात पडलेला नाही. दोन वाजेपर्यंत वाट न बघता कंपनीला फोन लावायची वेळ तीच.

मग नाव आणि नंबर येतो. अनेक मोठ्या कंपन्या तंत्रज्ञाचा खरा नंबर देत नाहीत. मधला एक नंबर देतात. आपण तो फिरवला की यंत्रणा आपल्याला त्याच्याशी जोडते, आणि त्यालाही आपला खरा नंबर दिसत नाही. दोघांच्या दृष्टीने हे बरं आहे. रात्री अकराला ‘ताई, रेटिंग द्या ना’ असा फोन येत नाही. पण या नंबराला मुदत असते. काम संपलं की जोडणी तुटते. महिन्याभराने पुन्हा पाणी गळायला लागलं आणि आपण जपून ठेवलेला तोच नंबर लावला, तर तो लागत नाही किंवा भलत्याच माणसाला लागतो. म्हणून जपून ठेवायचा तो नंबर नव्हे, विनंती क्रमांक. तीच कॉलची ओळख, बाकी सगळं बदलतं.

फसवणूकही इथेच शिरते. ग्राहक कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधतो, आणि वर दिसतो तो कंपनीचा असतोच असं नाही. तिकडून गोड आवाजात सांगितलं जातं, ‘सर, नोंदणीचे फक्त १० रुपये भरा, लिंक पाठवतो.’ लिंक उघडली की अॅप टाकायला सांगतात किंवा स्क्रीन दाखवणारं अॅप सुरू करायला लावतात, आणि पुढच्या काही मिनिटांत खातं रिकामं होतं. उपाय साधा आहे. नंबर एसीवरच्या स्टिकरवरून, वॉरंटी कार्डावरून किंवा बिलावरून घ्यावा. कोणी स्वतःहून फोन केला तर आपण विनंती क्रमांक सांगू नये, त्याला विचारावा. खऱ्या माणसाच्या समोर तो असतो. भामटा म्हणतो, ‘तुम्हीच सांगा, मी चेक करतो.’

मेसेज कुठून आला हेही बघता येतं. व्यापारी मेसेज पाठवणाऱ्यांना दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या व्यवस्थेत आपलं नाव नोंदवावं लागतं, त्यामुळे असा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून न येता अक्षरांच्या शीर्षकाने येतो. पुढची दोन अक्षरं कोणत्या मोबाइल कंपनीच्या कोणत्या विभागातून तो निघाला हे सांगतात, मधली अक्षरं पाठवणाऱ्याची असतात, आणि २०२५ पासून शेवटी एक अक्षर जोडलं जातं. सेवेच्या मेसेजला `-S`, व्यवहाराच्या मेसेजला `-T`, जाहिरातीला `-P`, सरकारी मेसेजला `-G`. बुकिंगची पुष्टी असल्याचं सांगणाऱ्या मेसेजच्या शेवटी `-P` असेल तर भुवई उंचावायला हरकत नाही. ‘आज रात्री वीज तोडणार’ अशा खोट्या मेसेजांनी महाराष्ट्रात धुमाकूळ घातला तेव्हा महावितरणने लोकांना हेच सांगितलं होतं. आमच्या मेसेजच्या शीर्षकात `MSEDCL` असतं, खासगी मोबाइल नंबरावरून आलेल्या मेसेजवर विश्वास ठेवू नका.

याला मर्यादा आहे. कंपनीचा अधिकृत पण छोटा डीलर आपल्या साध्या मोबाइलवरूनच ‘उद्या २ ते ४, मुलगा येईल’ असं कळवतो, आणि ते खरं असतं. व्हॉट्सअॅपवर तर ही अक्षरांची पद्धत लागूच होत नाही. म्हणजे शीर्षक नाही म्हणून मेसेज खोटा ठरत नाही. अशा वेळी स्टिकरवरच्या नंबराला फोन करून विनंती क्रमांक सांगायचा आणि हा माणूस तुमचाच का, एवढं विचारायचं. पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर मदत क्रमांकाला, कारण गेलेली रक्कम अडवणं पहिल्या काही तासांतच शक्य असतं.

आता शेवटची ओळ, रद्द करण्याची. ‘३ तास आधीपर्यंत शुल्क नाही’ ही अट उदार वाटते. पण तीन तास कशाच्या आधी? माणूस येण्याच्या आधी नव्हे, पट्टा सुरू होण्याच्या आधी. आपल्या उदाहरणात पट्टा दोनला सुरू होतो, म्हणून मोफत रद्द करायची मुदत अकराला संपते. साडेअकराला नातेवाइकाचा फोन आला, हॉस्पिटलमध्ये जायचं ठरलं आणि भेट रद्द केली, तर शुल्क लागतं. ‘तो तर साडेतीनला येणार होता, चार तास शिल्लक होते’ हे म्हणणं चालत नाही. सकाळी ८ ते १० चा पट्टा घेतला असेल तर मुदत पहाटे पाचला संपते. म्हणजे त्या भेटीचा निर्णय आदल्या रात्रीच घ्यायचा.

काही कंपन्यांची अट घड्याळावर नसते, नेमणुकीवर असते. ‘तंत्रज्ञ नेमल्यानंतर रद्द केल्यास शुल्क.’ ही जास्त फसवी, कारण नेमणूक कधी होईल हे आपल्या हातात नसतं. ती आदल्या रात्री दहालाही होऊ शकते. अशी अट असेल तर बेत बदलण्याची शंका येताच अॅपवर स्थिती बघावी. अजून ‘नेमणूक बाकी’ असेल तर तेव्हाच रद्द करावं.

आणखी एक गोष्ट इथे लोक नेहमी गल्लत करून बसतात. रद्द करण्याचं शुल्क वेगळं आणि व्हिजिट चार्ज वेगळा. माणूस घरी आला, एसी उघडून बघितला, ‘पीसीबी गेलंय, इतके हजार लागतील’ म्हणाला आणि आपण नको म्हटलं, तर ते रद्द करणं नव्हे. भेट झाली, तपासणी झाली, तिचे पैसे द्यावे लागतात. दुरुस्ती केली तर अनेक ठिकाणी ते एकूण बिलात वळते होतात, काही ठिकाणी होत नाहीत. बुक करताना हा एक प्रश्न जरूर विचारावा. वॉरंटीतल्या यंत्राला बहुधा व्हिजिट चार्ज नसतो. वार्षिक देखभाल करार असेल तर उलट लक्ष द्यावं लागतं. करारात वर्षाला ठरावीक सर्व्हिस मोफत असतात, आणि माणूस दारापर्यंत आल्यावर ‘आज नको’ म्हटलं तर काही करारांत ती एक सर्व्हिस वापरली गेली असं धरतात. शंभर रुपयांच्या शुल्कापेक्षा हे महागात पडतं.

आता आपल्या शनिवारकडे. सव्वाचार वाजले, कोणी आलं नाही. तेवढ्यात फोन. ‘काकू, मागच्या कॉलला खूप वेळ लागला. आता तुमच्याकडे यायला सहा होतील. नाहीतर असं करा ना, तुम्ही कॅन्सल करा, मी उद्या सकाळी पहिला तुमच्याकडेच येतो. एक कोड आलाय बघा, तो सांगा.’ मुलगा बिचारा खरंच दमलेला असेल. काकूंना दया येते आणि इथेच दोन चुका होण्याची शक्यता असते.

पहिली म्हणजे आपण रद्द करणं. मुदत टळून गेली आहे, म्हणून यंत्रणा काकूंना शंभर रुपये लावते. वेळ चुकवली कंपनीने आणि रद्द केलं ग्राहकाने, अशी नोंद होते. शिवाय नवीन बुकिंग रांगेत शेवटी जातं आणि तक्रारीचा दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. म्हणून वेळ टळल्यावर ‘रद्द’ हे बटण दाबू नये. अॅपमध्ये किंवा कंपनीच्या क्रमांकावर लेखी कळवावं, ‘शनिवारी २ ते ४ या वेळेत कोणी आलं नाही, कृपया आपल्या बाजूने नवीन वेळ द्यावी.’ कंपनीने वेळ बदलली की शुल्काचा प्रश्न उरत नाही आणि विनंती क्रमांकही तोच राहतो.

दुसरी चूक कोडची. मेसेजमधला कोड म्हणजे काम पूर्ण झाल्याची सही. अनेक कंपन्या त्याला ‘हॅपी कोड’ म्हणतात. तो सांगितला की कॉल बंद होतो, ‘सेवा समाधानकारक’ अशी नोंद पडते आणि करारातली एक सर्व्हिस संपते. मग उद्या सकाळी कोणी आलं नाही तर तक्रार कशाची करणार? कंपनीच्या कागदावर सर्व्हिस शनिवारीच झालेली असते. काही कंपन्या काम सुरू करण्याचा आणि संपवण्याचा असे दोन वेगळे कोड देतात, भेट रद्द करण्याचा तिसरा कोड देणाऱ्याही आहेत. कोणता कोड कशाचा, हे त्या मेसेजातच लिहिलेलं असतं. सांगण्याआधी ती ओळ वाचायला पाच सेकंद पुरतात. एरवीही एसी सुरू करून थंड हवा येते का आणि पाणी बाहेरच्या पाइपातून जातंय का हे बघितल्याशिवाय कोड सांगू नये. ‘मॅडम, कोड दिला नाही तर माझा कॉल क्लोज होत नाही’ हे तंत्रज्ञाचं म्हणणं खरं असतं, पण तो कोड ठेवलाय त्यासाठीच.

कायदा काय म्हणतो? ऑनलाइन बुक केलेल्या सेवांना केंद्र सरकारचे २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू होतात, आणि त्यात आपल्या विषयाला नेमकी लागू पडणारी तरतूद आहे. कंपनीने स्वतःहून ऑर्डर रद्द केली तर तितकंच शुल्क ती स्वतः सोसत असेल, तरच तिला ग्राहकाकडून रद्द करण्याचं शुल्क घेता येतं. एकतर्फी दंड चालत नाही. म्हणजे आपण साडेअकराला रद्द केल्याबद्दल शंभर रुपये घेणाऱ्या कंपनीने दीड वाजता ‘आज तंत्रज्ञ उपलब्ध नाही’ म्हणून भेट रद्द केली, तर तिच्या अटींत ग्राहकाला काय मिळतं हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. फार थोडे ग्राहक हा प्रश्न विचारतात, आणि अटींच्या लांबलचक पानावर कंपनीच्या बाजूने रद्द झालेल्या भेटीबद्दलचं वाक्य शोधावं लागतं. माझ्या मते ते वाक्य मेसेजमध्येच, शंभर रुपयांच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात असायला हवं.

त्याच नियमांनुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकोनातून घेतलेली चालत नाही. बुकिंग करताना ‘वार्षिक सदस्यत्व’ गुपचूप जोडलं गेलं असेल, तर तेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांविरुद्ध आहे. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला फोन करून बोलावलं असेल तर मात्र ई-कॉमर्सचे नियम लागू होत नाहीत. तिथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली सेवेतल्या त्रुटीची साधी तरतूद उरते. आणि खरं सांगायचं तर तो दुरुस्तीवाला पुन्हा आपल्याच गल्लीतून जाणार असतो, हीच तिथली खरी हमी.

शंभर रुपयांसाठी कोणी आयोगापर्यंत जात नाही, हे कंपन्यांनाही माहीत आहे. पण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवायला वकील लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. तिथून तक्रार कंपनीकडे जाते, आणि कॉल सेंटरने तीन वेळा फेटाळलेले पैसे बऱ्याचदा या पायरीवर परत मिळतात. तिथेही काम झालं नाही आणि रक्कम मोठी असेल, उदाहरणार्थ चुकीच्या दुरुस्तीने कॉम्प्रेसरच गेला असेल, तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. या प्रत्येक पायरीवर विचारला जाणारा पहिला प्रश्न एकच असतो, तुमच्याकडे लेखी काय आहे?

म्हणून सर्व्हिस झाली की तो मेसेज पुसू नका. दुरुस्तीच्या कामाला कंपन्या साधारण महिनाभराची हमी देतात, बिलावर नेमके दिवस लिहिलेले असतात. निदान तेवढे दिवस तरी तो मेसेज, नंतर आलेलं बिल आणि त्या दुपारच्या कॉलची यादी मोबाइलमध्ये राहू द्या.